समांतर रेषा आणि सुतळीचं पत्र

भूमितीच्या बाईंना फोनवर कोणी सल्ला विचारलेला चालत नसे. फोनवर माणूस प्रश्न नीट बांधत नाही, असं त्यांचं मत होतं. अर्धा प्रश्न विचारतो, अर्धा उसासा टाकतो, आणि उरलेलं सगळं पलीकडच्यानं समजून घ्यायचं. त्यामुळे शाळा सोडून गेलेल्या मुलांनाही काही विचारायचं झालं, तर ती कागदावर लिहून पाठवत, आणि तेही बाईंच्या पद्धतीनं. आधी ‘पक्ष’, म्हणजे काय दिलेलं आहे. खाली ‘साध्य’, म्हणजे काय सिद्ध करायचं आहे. त्याखाली ‘सिद्धता’ लिहून मोकळी जागा, ती बाईंनी भरायची. एका मुलानं नोकरी सोडू का, हे असं विचारलं होतं. एका मुलीनं स्थळाबद्दल विचारताना पक्षाखाली वरपक्षाचं सगळं म्हणणं उतरवलं, तेव्हा बाईंनी ‘वरपक्ष म्हणजे पक्ष नव्हे’ असा शेरा मारून कागद परत पाठवला होता. ते लग्न झालं नाही. त्या मुलीची आई अजून रस्त्यात दिसली तर समोरच्या फुटपाथवर जाते.

बाईंचे यजमान नळखात्यातून निवृत्त झालेले. आलेली पत्रं मोठ्यानं वाचून दाखवायचं काम त्यांच्याकडे होतं, कारण त्या वेळी बाईंचे हात बहुधा भाजीत असत. त्या दिवशी बाई शेंगा सोलत होत्या.

“सुतळीचं आहे,” यजमान पाकीट उलटसुलट बघत म्हणाले.

सुतळी म्हणजे शिंप्याची मुलगी. बारीक, उंच, आणि एकदा गुंतली की सुटायला वेळ लागणारी. शाळेत होती तोवर भूमितीच्या वहीत तिनं एक रेघ कधी हातानं काढली नव्हती. समीकरणाखालची रेघसुद्धा पट्टीनं. बाई दर वर्षी नव्या तुकडीला तिची वही दाखवत.

पत्रात लिहिलं होतं :

‘पक्ष : १. मी वास्तुरचनेच्या अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा दिली व नापास झाले. २. परीक्षेत गणित, तर्क आणि चित्र असे तीन भाग होते. ३. गणितात व तर्कात चांगले गुण आहेत. ४. परीक्षा वर्षातून एकदाच असते. ५. बाबा म्हणतात, एक वर्ष थांबून आत्याच्या गावी क्लास लाव. आई म्हणते, गुणांवर बांधकामाच्या डिप्लोमाला जागा मिळतेय, ती घे. ६. माझ्या हातात चित्र नाही.

साध्य : पुढे काय करावे?’

सिद्धतेसाठी तिनं पान कोरं सोडलं होतं. खाली मात्र बारीक अक्षरात एक ओळ होती. क्लासवाले या आठवड्यात जागा भरतायत, बाबा रविवारी घेऊन जाणार आहेत, तर त्याआधी कळवावे.

यजमान चष्मा काढून म्हणाले, “बिचारी.”

बाईंनी हात पुसले आणि लाल पेन मागितलं.

‘नापास’ या शब्दाभोवती त्यांनी गोल केला आणि लिहिलं : ‘निकालपत्रावर हाच शब्द आहे का? जसा आहे तसा लिही.’ चौथ्या मुद्द्यापुढे : ‘हे कोणी दिले?’ सहाव्यापुढे : ‘हे पक्षात कसे आले? हे सिद्ध कुठे झाले?’ आणि साध्याखाली दोन रेघा मारून : ‘हे साध्य नव्हे. हा प्रश्न आहे.’ मग कागद होता तसा पाकिटात घातला.

“अगं, मुलगी परीक्षेत आपटलीय,” यजमान म्हणाले. “तिला चार धीराचे शब्द लिहायचे सोडून पेपर तपासून काय पाठवतेस?”

“धीर द्यायला तिच्या घरी माणसं आहेत.”

“तीच तर तिला आत्याकडे पाठवतायत.”

बाईंनी सोललेल्या शेंगा उचलल्या आणि आत गेल्या.

शनिवारी दुपारी दार वाजलं. दारात शिंपी उभा होता. गळ्यात मोजायची टेप तशीच होती, म्हणजे मशीनवरून उठून आलेला. त्याच्या मागे सुतळी, आणि तिच्या हातात प्लॅस्टिकची फाइल. शिंप्यानं लाल शाईचं पत्र टेबलावर ठेवलं आणि हातानं त्याची घडी सपाट केली.

“बाई, पोरीला नापास करणाऱ्यांनी केलं,” तो म्हणाला. “आता तुम्ही तिचं पत्रसुद्धा नापास केलंत. दोन दिवस जेवली नाही.”

“जेवले,” सुतळी म्हणाली.

“कमी जेवली.”

यजमानांनी खुर्च्या ओढल्या आणि पाणी आणलं. शिंपी बसला, पण टेकला नाही. त्याचं म्हणणं असं होतं की लेकीला मोठ्या घरांचे नकाशे काढताना बघायचं त्याच्या मनात आहे, त्यासाठी वर्ष गेलं तर गेलं. बहिणीकडे एक खोली रिकामी केलीय. आज रात्री सामान बांधायचं, उद्या सकाळी निघायचं. बाईंनी फक्त आशीर्वाद द्यावा आणि लाल पेन जरा आत ठेवावं.

बाईंनी विचारलं, निकालपत्र आणलंय का.

ते फाइलमध्ये होतं. त्यावर नापास हा शब्द कुठेच नव्हता. तीन भागांचे गुण होते, एकूण गुण होते, आणि शेवटच्या चौकटीत ‘अपात्र’ असं छापलेलं होतं. बाईंनी माहितीपुस्तिका मागितली. सुतळीनं ती घरी आल्यापासून उघडली नव्हती. तिचा कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता. बाई पानं उलटत गेल्या. नियम शोधायची त्यांची एक पद्धत होती. त्या शेवटून सुरुवात करत, कारण लोकांना नको असलेली वाक्यं तिथे छापतात असा त्यांचा अनुभव होता.

एकूण गुण सुतळीचे भरपूर होते. त्या गुणांवर मागच्या वर्षी प्रवेश झाले होते. पण तीन भागांपैकी प्रत्येकात किमान गुण लागत, आणि ते एकाच बैठकीत लागत. चित्राच्या भागात तिचे किमान गुण भरले नव्हते. म्हणून बाकी दोन भागांचं सोनंसुद्धा मातीमोल. उत्तरसूचीवर हरकत घेता आली असती, पण ती फक्त पर्याय निवडायच्या प्रश्नांना. चित्राला सूची नसतेच. चित्राची फेरमोजणी करता येते, पण फेरमोजणी म्हणजे नुसती बेरीज परत करायची. चित्र कोणी पुन्हा बघत नाही.

“म्हणजे ते दार बंद,” शिंपी म्हणाला.

“ते बंद,” बाई म्हणाल्या. त्यांनी आणखी एक पान उलटलं आणि पुस्तिका त्याच्यापुढे सरकवली. “परीक्षा वर्षातून दोनदा असते. दुसऱ्या बैठकीचे अर्ज अजून चालू आहेत. दोन्हीपैकी जी चांगली, ती धरतात.”

शिंप्यानं ते वाक्य बोट ठेवून वाचलं. मग लेकीकडे बघितलं. लेकीनं बापाकडे बघितलं.

चौकशी केल्यावर उलगडलं ते असं. क्लासच्या पत्रकावर ‘वर्षातून एकदाच!’ असं ठळक छापलं होतं, आणि त्याखाली बारीक अक्षरात, की नवी तुकडी वर्षातून एकदाच सुरू होते. शिंप्यानं ठळक वाचलं होतं. सुतळीनं बापाचं ऐकलं होतं. क्लासवाल्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं, त्यामुळे तेही काही खोटं बोलले नव्हते.

“मग आता ही दुसरी परीक्षा देईल,” शिंपी म्हणाला. आता तो खुर्चीला टेकला. “झालं की मग.”

“काही झालं नाही,” बाई म्हणाल्या. “चित्रात का गेलं ते कळलं नाही, तर दुसऱ्यांदाही तिथेच जाईल. काय काढायला सांगितलं होतं गं?”

“शाळेच्या लांब व्हरांड्याच्या एका टोकाला उभं राहिलं की काय दिसतं, ते काढा.”

“काढ बघू.”

बाईंनी पाठकोरा कागद दिला. सुतळीनं इकडे तिकडे बघितलं. पट्टी परीक्षेतही वापरायची नव्हती, असं ती म्हणाली. मग तू काय केलंस, असं बाईंनी विचारलं, तर तिनं प्रवेशपत्राची कड वापरली होती. आता तिनं फाइलची कड घेतली.

रेघा सुंदर येत होत्या. डावीकडून उजवीकडे एक लांब आयत, त्याच्या पोटात सारख्या अंतरावर सारख्याच उंचीचे दरवाजे, वर खांबांची ओळ, सगळे खांब एका मापाचे. शेवटी तिनं सवयीनं आयताच्या चार कोपऱ्यांना अ, ब, क, ड अशी नावं दिली.

यजमान डोकावून म्हणाले, “हा व्हरांडा आहे?”

“ताग्याचं कापड उलगडल्यासारखं वाटतं,” शिंपी म्हणाला. “पण मापाला चोख आहे.”

बाईंनी कागद स्वतःकडे ओढला.

“शाळेच्या व्हरांड्यात तू पाच वर्षं उभी राहिलीस,” त्या म्हणाल्या. “बहुतेक वेळा गृहपाठ पूर्ण असताना. तिथे उभं राहिल्यावर लांबचे दरवाजे लहान दिसत नाहीत?”

“दिसतात.”

“दोन्ही बाजूंच्या कडा पुढे जवळ जवळ येत जाताना दिसत नाहीत?”

“दिसतात, बाई.”

“मग तशा का नाही काढल्यास?”

सुतळीनं मान खाली घातली. तिला उत्तर येत होतं, पण समोर कोण बसलंय ते बघून ती देत नव्हती. शेवटी म्हणाली, “कारण त्या समांतर आहेत. आणि समांतर रेषा कितीही वाढवल्या तरी…”

“…एकमेकींना छेदत नाहीत,” बाईंनी वाक्य पुरं केलं. गेली कितीतरी वर्षं बाईंनी वर्गात हे वाक्य अर्धवट सोडलं की बाकीचं मुलं पुरं करायची. आज ते बाईंनी पुरं केलं.

“आणि तुम्ही म्हणायच्या, आकृतीकडे बघून काही ठरवायचं नाही. डोळा फसवतो. दिलं असेल तेच खरं.” सुतळी फाइलची कड बोटानं घासत होती. “बाकीची मुलं कडा जवळ आणत होती. मला वाटलं, ती चुकतायत.”

शिंपी एकदा लेकीकडे, एकदा बाईंकडे बघत होता. त्याला सगळं कळलं नव्हतं, पण दोष एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकलाय एवढं कळलं होतं. तो भला माणूस असल्यामुळे त्यानं पाण्याचा ग्लास उचलला आणि रिकामा असूनही तोंडाला लावला.

बाईंनी लाल पेन घेतलं आणि पत्रातला सहावा मुद्दा, ‘माझ्या हातात चित्र नाही’, पूर्ण खोडला. बाजूला काही लिहिलं नाही.

“उद्या आत्याकडे जायचं नाही,” त्या शिंप्याला म्हणाल्या. “डिप्लोमाची जागा आधी घ्या. हिच्या आईची सूचना बरोबर आहे. पण मूळ दाखले देण्याआधी मला घेऊन चला.”

“आणि चित्र?”

“ते बघते,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा झाला.

त्याचं कारण यजमानांना ठाऊक होतं. चित्र शिकवणारा माणूस शाळेत एकच होता, आणि चित्रकलेचे सर आणि बाई एकमेकांशी कामापुरतंसुद्धा बोलत नसत. परीक्षा जवळ आली की बाई चित्रकलेचे तास भूमितीला घेत. विचारून घेत नसत. खडू घेऊन वर्गात शिरत. सर दाराशी येत, फळ्यावरचा त्रिकोण बघत आणि परत जात. मुख्याध्यापकांना यात काही गैर वाटत नसे. निकाल भूमितीचा लागतो, चित्रकलेचा लागत नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत बाई चित्रकलेच्या खोलीत गेल्या. सर पात्यानं पेन्सिलींना टोक काढत बसले होते. त्यांनी वर बघितलं, पात्याचा हात थांबवला नाही.

“इथे आत्ता तास नाही, बाई. घ्यायला काही नाही.”

बाई उभ्याच राहिल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. व्हरांडा, कडा, अ ब क ड. काही लपवलं नाही. सरांनी एक पेन्सिल संपवून दुसरी घेतली.

“सुतळी ना? तिची तुकडी मी नववीत बघितलीय. एकदा. फोटो काढायचा होता वर्गाचा, तेव्हा.”

“तुम्ही तिला शिकवाल का?”

“तिला शिकवीन की. तिचं काय चुकलंय?” सरांनी टोक उजेडात धरलं. “यंदा माझे तास कधीपासून घेणार, तेवढं आधी सांगत चला. त्या दिवसांच्या रजा टाकून ठेवतो. उगाच दाराशी यायला लागतं.”

“यंदा घेणार नाही.”

“हे तोंडी झालं.”

बाईंनी त्यांच्याच टेबलावरचा कागद ओढला आणि लिहून दिलं. सरांनी तो वाचला आणि म्हणाले की ‘शक्यतो’ हा शब्द काढावा. बाईंनी काढला.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर सुतळी व्हरांड्यात येऊ लागली. पहिल्या दिवशी सरांनी तिला कागदच दिला नाही. टोकाच्या वर्गाचं दार आतून लावून घेतलं, दाराच्या काचेसमोर तिला उभं केलं, एक डोळा मिटायला लावला आणि काचेवर व्हरांडा जसा दिसतो तसा मेणाच्या खडूनं गिरवायला सांगितलं. दोन्ही कडा काचेवर तिच्याच हातानं जवळ येत गेल्या आणि पार पलीकडे, तिच्या डोळ्याच्या उंचीवर, एकमेकींकडे निघाल्या. सुतळीनं हात काढून घेतला.

“सर, हे खोटं नाही का?”

“व्हरांडा आहे तसाच आहे. तू कुठे उभी आहेस, ते यात दिसतं,” सर म्हणाले. “चल, आता दोन पावलं डावीकडे सरक आणि पुन्हा काढ.”

बाई जिन्यात वह्या तपासत बसत. सोबत म्हणून बसल्यात, असं त्या सांगत. सुतळीचा हात रेघ मारताना अजून पट्टी शोधायचा. सरांनी तिला खांद्यातून हात फिरवायला लावला, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर नुसत्या रेघा, मोठ्या, न थांबता. हळूहळू रेघा थरथरायच्या थांबल्या. खांबांमागे सावली आली. एका चित्रात व्हरांड्याच्या टोकाला एक बारीक बाई जिन्यात बसलेली होती. सरांनी तेवढंच पान आपल्याकडे ठेवून घेतलं.

मधल्या काळात डिप्लोमाच्या यादीत सुतळीचं नाव लागलं. कॉलेजच्या खिडकीत बसलेल्या कारकुनानं मूळ दाखले जमा करायला सांगितले. बाईंनी विचारलं, नंतर दुसरीकडे प्रवेश मिळाला तर दाखले परत मिळतील का. एकदा घेतलेली जागा सुटत नाही, असं तो म्हणाला. बाईंनी नियम मागितला. तो शोधायला त्याला वेळ लागला, कारण तो त्याच्याच टेबलाच्या काचेखाली होता, फाइलींच्या खाली. रद्द करण्याची शेवटची तारीख होती. त्याआधी लेखी अर्ज दिला तर दाखले परत मिळत. आणि ती तारीख प्रवेश परीक्षेच्या दुसऱ्या निकालानंतर, पण फार नंतर नव्हे. बाईंनी ती सुतळीच्या आईला दोनदा म्हणायला लावली, कारण त्या घरात लक्षात तिच्याच राहत होतं. मग दाखले दिले आणि पोच घेतली.

दुसऱ्या बैठकीत चित्रासाठी काय आलं होतं, तर शिडीवर चढून खाली बघताना बाजार कसा दिसतो. सुतळी बाहेर आली तेव्हा तिच्या हाताची कड पेन्सिलीनं काळी झाली होती. शिंप्यानं ती बघितली आणि खिशातला रुमाल पुढे केला.

निकाल लागला त्या संध्याकाळी बाईंच्या घरी फोन वाजला. यजमानांनी उचलला, ऐकलं आणि बाईंना खूण केली. बाई येईनात, लिहून पाठवायला सांगा, म्हणाल्या. यजमानांनी फोन नेऊन त्यांच्या कानाला लावला.

“पात्र झाले, बाई,” सुतळी म्हणत होती. “चित्रात. किमानपेक्षा थोडेच वर आहेत, पण आहेत. सरांना आधी सांगितलं. रागावला नाहीत ना?”

“बरोबर केलंस,” बाई म्हणाल्या. “गणितात किती?”

“मागच्यापेक्षा कमी आहेत.”

“कशात गेले?”

“एक वर्तुळाचा प्रश्न होता. दोन स्पर्शिका होत्या, कोन काढायचा होता. मला वाटलं, काटकोनच दिसतोय, म्हणून…”

“दिसतोय म्हणून?”

“हो, बाई.”

यजमानांनी फोन धरलेला हात बदलला. शेंगा अर्ध्याच सोलून झाल्या होत्या. बाईंनी डोळे मिटले, आणि तेवढ्यात पलीकडून शिंप्याचा आवाज आला. पोरीच्या कानाशी कान लावून तो ऐकत असणार. आता एकूण गुणांवर जागा मिळेल का, असं तो विचारत होता.

“पहिल्या फेरीत गावातल्या कॉलेजात नाही मिळायची,” बाई म्हणाल्या. “दुसऱ्या फेरीत बाहेरगावी मिळेल. पसंतीक्रम भरताना जिथे खरंच जायचंय ते वर लिही. कुठे मिळण्यासारखं आहे ते बघून वर लिहू नकोस. गुणांप्रमाणे मिळायचं ते मिळतंच. सगळी नावं भर, एकही ओळ रिकामी सोडू नकोस. जागा हातात आल्याशिवाय डिप्लोमा रद्द करायचा नाही. आली, की त्याच दिवशी अर्ज घेऊन जायचं.”

“बाहेरगावी म्हणजे कुठे?” शिंपी म्हणाला. मग फोन थोडा लांब गेला आणि सुतळीच्या आईचा आवाज आला, की माझ्या नणंदेच्या गावीही असं कॉलेज आहे, आणि तिच्याकडे ती खोली अजून रिकामीच आहे.